पोटरीवर आवळलेली सुतळी

हुमनाबादहून हिमाचलला निघताना बॅगेत सुतळीचं बंडल टाकणारा नवरा माझाच. लेकीनं हट्टानं धाडलं होतं; आमची ही डोंगरातली पहिलीच सुट्टी. सुतळी कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "लागतीय कुठंतरी."

तिथं दुकानात बूट, पाणी न शिरणारी वरची विजार आणि बर्फ बुटात जाऊ नये म्हणून पायाला लावायची गेटर्स भाड्यानं घेतली. आमच्या वाटाड्यानं माझ्या पायावर सगळं लावून दाखवलं. गेटर विजारीवरून, हूक बुटाच्या लेसला, पट्टा तळव्याखालून, बकलं बाहेरच्या अंगाला. वरची दोरी एवढीच ओढायची की आत बोट जावं.

ह्यांचं लक्ष कुठं होतं कोण जाणे! पट्टा दगडावर घासून तुटेल म्हणून ह्यांनी तो मोकळाच ठेवला. गुडघाभर बर्फात गेटर वर सरकायला लागलं आणि बूट बर्फानं भरले. वाटाड्या पुढं वाट पाडत होता. ह्यांनी खाली बसून विजार वर केली, गेटर आत घेतलं आणि घोट्यावर, पोटरीवर सुतळीचे करकचून वेढे दिले. सापाच्या भीतीनं उसात शिरताना गोणपाट बांधतात, अगदी तसेच. मग विजार खाली सोडली. बाहेरून काही दिसेना.

"अहो, एवढं आवळू नका."

"उसात जलमभर असंच बांधलंय. मुंगी शिरायची न्हाई."

आभाळ खाली आलं होतं. वाराही पडला होता, आणि ती शांतता मला आवडत नव्हती. हे आधी थंडीला शिव्या देत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बघ, आता पायाला गारच लागंना."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

वाटाड्यानं मागं वळून पाहिलं. ह्यांच्या पावलांमागं बर्फात ओरखडे उठत होते; पाय उचलतच नव्हते. त्यानं येऊन विजार वर केली आणि त्याचा चेहराच उतरला. चाकूनं सुतळी कापली, बुटांतला बर्फ झाडला आणि आम्हाला तडक खाली लॉजवर आणलं.

बूट काढले. बोटं मेणासारखी पांढरी. मी तेल चोळायला धावले, तर त्यानं माझा हात धरला. चोळायचं नाही, शेकोटीजवळही न्यायचं नाही, नुसतं कोमट पाणी. डॉक्टरला त्यानं आधीच फोन केला होता.

पाण्यात पाय ठेवल्यावर काही वेळानं हे असे ओरडले की मी त्यांचे खांदे धरले. वाटाड्या मात्र हसला. दुखतंय म्हणजे जीव परत येतोय, म्हणाला. मला रडूच फुटलं.

मग तो एकेक बोट दाबून विचारू लागला. उजव्या पायाची सगळी दुखली. डाव्याचा अंगठा दुखला, त्याच्या शेजारची तिन्ही बोटंही दुखली. मग हे छताकडं बघत वाट पाहू लागले.

"अन् करंगळी? ती बी दाबून बघा की," हे म्हणाले.

वाटाड्या केव्हापासून तीच दाबत होता.