काढून टाकलेलं ‘कारण’

भालचंद्रकाकांचा उभा जन्म सरकारी मसुदे कापण्यात गेला. द्वारकेतला मराठी वर्ग वाचवायला नीलाने अर्ज लिहिला, तर त्यालाही त्यांनी कात्री लावली. "‘कारण’, ‘म्हणून’ कशाला? शहाण्याला कळतं!"

शाळा समितीच्या सभेत अध्यक्षांनी अर्ज वाचला, "मुलं कमी झाली. बाई सोडून गेल्या." मग मान वर केली. "अच्छा, मुलं नाहीत म्हणून बाई गेल्या! चलो, वर्ग बंद."

काका गारच पडले. आधी बाई गेल्या होत्या, मुलं नंतर गळाली. अर्जात एकही शब्द खोटा नव्हता, तरी त्यानेच वर्गाचा गळा धरला होता.

"काका, हा घ्या तुमचा शहाणा!" नीला ताडकन उठली. "साहेब, मुलं कमी झाली, कारण बाई गेल्या. नव्या बाई दिल्यात, तर मुलं परत येतील."

"अच्छा, असं आहे तर!" अध्यक्षांनी अर्ज परत पुढे सरकवला. काकांनी तो ओढून ‘कारण’ परत लिहिलं.