द्वारकाची तालीम

१९८३ साली गोखिवऱ्यातल्या खोक्यांच्या कारखान्यात विक्री सांभाळणारे रुडॉल्फ चांगलेच कात्रीत सापडले. नव्याने लागलेली द्वारका माल दाखवताना गिऱ्हाइकांकडे पाठ करून, स्वतः काढलेल्या चित्रांचा भिंतीवरचा तक्ता वाचत राहिली आणि दमट हवेत खोकं किती टिकेल, असं विचारताच गप्प झाली. मालकांनी बजावलं, "पुन्हा असं झालं, तर दोघंही घरी बसा."

रुडॉल्फनी तिला बाजूला बोलावलं. "तुझी चित्रं गिऱ्हाइकांना लगेच कळली. पण बोललीस भिंतीशी. माणसांकडे बघ. उत्तर ठाऊक नसेल, तर 'उद्या कळवते' म्हण. तालीम मी घ्यायला हवी होती."

"मला काढतील, सर?"

"ते माझ्या हातात नाही. शुक्रवारी गिऱ्हाइकं परत येतायत, तेव्हा तूच बोलायचंस. आत्ता मला गिऱ्हाईक समज."

कापऱ्या आवाजात, पण त्यांच्याकडे बघत, द्वारका बोलू लागली. रुडॉल्फ मान डोलावत राहिले. मग त्यांनी विचारलं, "दमट हवेत खोकं किती टिकेल?"