पाटीच्या तळची शेवंती

लिहायचं कसं ते मी एका दुपारी शिकले. पूर्ण दुपारही लागली नाही, बारा ते चार पुरले.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मी अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. वर्गात माझं निबंधलेखन नावाजलेलं होतं. मुली माझे निबंध उतरवून घेत आणि शेजारच्या शाळेतल्या बहिणींना देत. म्हणून अमरावतीच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी आमच्या मळ्यावर एक स्तंभभर लिहून मागितलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. आनंद मात्र इतका झाला, की त्या आठवड्यात मी दोनदा भाकरी करपवली. बार्शीटाकळीजवळ माझ्या वडिलांचा फुलांचा आणि भाज्यांचा मळा होता. लेख टपालात टाकला आणि दसऱ्याच्या सुटीत तो छापला जाताना बघायला अमरावतीला आत्याकडे आले.

छापखान्यात पाय ठेवला तर संपादकांच्या आधी छपाईचे खिळे जुळवणारा माणूसच पुढे आला. साठीचा, कानावर पेन्सिल. त्याने रागावून एक रिकामा खण माझ्यापुढे धरला.

"बाई, अर्धा त संपला. सगळा तुमच्या अत्यंतात गेला."

तो म्हणाला, दुसऱ्या पानावर सत्याग्रहाची बातमी आहे, तिलाही अर्धा त लागतो, आता तो कुठून आणू? एका लेखात अकरा वेळा अत्यंत, त्याने मोजले होते.

संपादक हसले नाहीत. लेख दीड स्तंभ झाला होता आणि जागा एकाच स्तंभाची होती. चार वाजता पान बांधून यंत्रावर चढणार होतं. तोवर लेख बसला नाही, तर त्या जागी केशतेलाची जाहिरात तयार होती. जुळवलेली जाहिरात टेबलावर पडलेलीच होती. उलट्या अक्षरांतही मला ती वाचता आली.

मी तिथेच स्टुलावर बसले आणि कापायला घेतलं. पहिलं वाक्य असं होतं: 'त्या अत्यंत रम्य, मनोहर, हिरव्यागार व खरोखर नयनरम्य मळ्यात अतिशय सुंदर, टवटवीत, सुगंधी शेवंती फुलली होती.' रम्य गेलं. मनोहर गेलं. रम्य एकदा गेल्यावर नयनरम्य कशाला, तेही गेलं. हात चालायला लागला आणि मला चेव आला. अर्ध्या तासात पानावर एक विशेषण उरलं नाही. वाक्य राहिलं, 'मळ्यात शेवंती फुलली होती.' मी विजयी मुद्रेने कागद पुढे केला.

संपादकांनी वाचला आणि म्हणाले, "हे पटवारीही लिहितो. पीक, शेवंती. शेरा, फुलली."

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आता लेख अर्धाच स्तंभ भरत होता. त्यांनी मला शिकवलं काहीच नाही, एवढंच विचारलं की हा मळा तुमच्या वडिलांचा कशावरून. मी चरफडत बाहेर पडले.

आत्याचं फुलांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. दुकान म्हणजे ओटा, त्यावर ओलं गोणपाट आणि चार पाट्या. आत्याला अक्षर येत नव्हतं. मी बसल्या बसल्या तिला आधी लांब वाक्य वाचून दाखवलं, मग आखूड. ती हार ओवत होती.

"सुंदर होती म्हणतेस," ती म्हणाली, "मंग खुडली कोनं? तुनंच नं? थे काहून नाही सांगत?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली आणि शेवंती ताजी आहे का म्हणून विचारू लागली. बाजारात सगळे जण ताजी, एकदम ताजी, अस्सल ताजी असं ओरडतच होते. आत्या तोंडातून शब्द काढत नसे. तिने पाटी उचलली आणि गोणपाटावर उलटी केली. तळची फुलं वर आली. वरच्यासारखीच पांढरी, कडेला तपकिरी डाग नाही. बाईने पदर पसरला.

हे मी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र मी आत्याच्या हिशेबाच्या कागदाची मागची बाजू मागितली. ती म्हणाली, "घे, पन सुई तेवढी सोड." मी सुईवर बसले होते.

तिथेच लिहिलं. 'शेवंती आम्ही उजाडायच्या आत खुडत असू. वाकलं की लुगडं गुडघ्यापर्यंत दवाने भिजे. पांढरीला ओल्या हाताने धरायचं नाही, कडेला डाग पडतो, म्हणून वडील आधी आमचे हात कोरड्या धोतराला पुसायला लावत. पाल्याचा कडवट वास बोटांना चिकटे आणि दुपारच्या भाकरीलाही लागे.'

लिहून झाल्यावर मोजदाद केली. पांढरी ठेवलं, कारण पिवळीवर डाग दिसत नाही. कडवट ठेवलं, कारण ज्यांनी शेवंती फक्त देवापुढे पाहिली त्यांना ती गोडच वाटणार. ओल्या आणि कोरड्या ठेवले, कारण त्यांच्यावाचून गोष्टच घडत नाही. जो शब्द काढला तरी काही बिघडत नाही, तो काढला. जिथे काढल्यावर भोक पडलं, तिथे काय घडलं ते लिहिलं.

साडेतीनला मी जवळजवळ धावत छापखान्यात शिरले. मास्तरीण धावतेय म्हणून गल्लीतले शिंपी शिलाई थांबवून बघत होते. संपादकांनी उभ्यानेच वाचलं आणि तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द खोडायला घेतला. शेवटच्या ओळीत वडील पाटीकडे बघून म्हणतात, 'लय झाली यंदा.'

"लय का ठेवलंत?" त्यांनी विचारलं.

"तो शब्द माझा नाही, त्यांचा आहे. वर्षात एकदाच वापरत."

त्यांनी पेन्सिल मागे घेतली. खिळे जुळवणाऱ्याने कागदावरून नजर फिरवली, अर्धा त कुठे कुठे लागतो ते पाहिलं आणि मान डोलावली. जुनी अक्षरं सुटून खणात पडू लागली, टपटप, आणि ती उचलूनच त्याने सत्याग्रह जुळवला. माझा लेख स्तंभाला दोन ओळी कमी पडला. तिथे त्याने एक नक्षी बसवली. केशतेल आतल्या पानावर गेलं.

अंक निघाला तो मी आत्याला वाचून दाखवला. ती बरं म्हणाली आणि चौथ्या दिवशी त्याच अंकात फुलं बांधायला लागली. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, कागद जाड आहे, पाणी धरतो.

सुटी संपायच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर होते. एक अनोळखी बाई आली, हातात पुड्याचा सुरकुतलेला कागद. तिने फुलं मागितली नाहीत. कागदावर बोट ठेवून तिने आत्याला विचारलं, बोटांना असा कडवट वास खरंच येतो का, की लिहिणारीने उगीच घातलंय.

आत्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओवता हार मांडीवर ठेवला आणि हात उचलून बोटं सरळ त्या बाईच्या नाकाखाली धरली.

"हुंगून पाय," ती म्हणाली.