तिसरीचा शर्ट

मावशीच्या कारखान्यात मी कामाला लागलो तेव्हा माझी एकच पात्रता होती : अक्षर सुंदर. एका कचेरीतली नोकरी सोडून (कचेरीच्या मते, सुटून) मी घरी बसलो होतो. मावशी शाळांचे युनिफॉर्म शिवून घ्यायची. वसईतल्या तिच्या घरामागे पत्र्याची शेड, सहा शिलाई मशीन, एक कटिंग मास्तर. सुरुवातीला शाळा एकच होती, पांढरा शर्ट आणि निळी हाफपँट, त्यामुळे सगळा माल मावशीच्या डोक्यात मावायचा. मग नालासोपारा, गास, अर्नाळ्याच्या रस्त्यावरची ख्रिस्ती सिस्टरांची शाळा असं करत सात शाळा झाल्या. स्कर्ट आले, मुलींचे बिनबाह्यांचे पिनाफोर आले, पूर्ण बाहीचे शर्ट आले. मावशी म्हणाली, आता हे डोक्यात मावत नाही, तू शिकलेला आहेस, काहीतरी शिस्त लाव.

मी शिस्त लावली. अशी लावली की पुढचे दोन महिने सगळ्या शेडमध्ये माझ्याशिवाय कुणालाही एक शर्ट सापडू नये.

माझी पद्धत ऐकायला फार गोड होती. प्रत्येक शाळेला एक नंबर, पुढे इयत्ता, पुढे कपडा. चार-तीन-एक म्हणजे चौथ्या शाळेच्या तिसरीचा शर्ट. गिऱ्हाईक येऊन म्हणतंच ना, "तिसरीचा शर्ट द्या"? मग कोड तसाच. प्रत्येक गठ्ठ्यावर मी वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवली आणि जाड वहीत यादी उतरवली. कटिंग मास्तर साठीचा माणूस. त्याने यादी बराच वेळ बघितली आणि विचारलं, "भाऊ, तिसरीची छाती किती इंच?" मी हसून म्हटलं, मास्तर, तिसरीची मुलं सगळी सारखीच की. अजून ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

जूनमध्ये शाळा उघडायला सहा दिवस असताना, मंगळवारी सकाळी, अर्नाळ्याची एक मासेवाली शेडच्या दारात उभी राहिली. पाटी बाहेर ठेवलेली, बरोबर तिचा मुलगा. मुलाने आमचा शर्ट घातला होता. म्हणजे हात घातले होते. मधली तीन बटणं लावणं कोणाच्याच हातात नव्हतं.

"तिसरीचा म्हनून दिलास ना?" ती म्हणाली. "माझा पोरगा तिसरीत दोनदा बसला. ते शर्टाला कोन सांगनार?"

मशीनवरच्या बायका खाली मान घालून शिवल्यासारखं करत राहिल्या, पण सहाही मशीन एकदम बंद पडल्या होत्या. दुपारपर्यंत आणखी चौघी आल्या. कुणाचं पोर उशिरा शाळेत घातलेलं, कुणाचं नुसतंच दांडगं. आणि गासच्या एका शाळामास्तरांची मुलगी पाचवीतली, पण इतकी लहानखुरी की तिच्या स्कर्टात दोघी मावल्या असत्या.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नव्हती. सिस्टरांची शाळा आमची सगळ्यात मोठी. मोठ्या सिस्टरनी मावशीला आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या सोमवारी एकही मूल घरच्या कपड्यांत दिसलं तर पुढच्या वर्षी काम मुंबईच्या कंत्राटदाराकडे जाईल. त्या शाळेच्या जोरावरच मावशीने चार मशीनच्या सहा केल्या होत्या. शाळा गेली की दोन बायका घरी जाणार.

मी वही उघडली. चौथ्या, म्हणजे सिस्टरांच्या, शाळेच्या तिसरीत मोठा शर्ट एकही नव्हता. सहावीचे होते तेही वाटून संपले होते. मी मावशीला सांगितलं, माल नाही, नवीन शिवायला लागतील, आणि सहा दिवसांत ते होणार नाही.

मावशी उठली, दुसऱ्या शाळेच्या सातवीचा गठ्ठा ओढला, सुतळी कापली आणि एक शर्ट त्या मुलाच्या अंगाला लावला. बरोबर बसला.

"हा पांढरा, तो पांढरा," ती म्हणाली. "फरक काय?"

"हा दुसऱ्या शाळेचा आहे."

"अरे शहाण्या, बिल्ला कुठे लावलाय अजून?"

खरंच होतं. चार शाळांचा शर्ट अगदी एक होता. वेगळा होता तो फक्त खिशावरचा बिल्ला, आणि तो शेवटी टाचायचा. एकाच शर्टाला मी चार नावं ठेवून चार कोपऱ्यांत बसवलं होतं.

मग मी ते केलं जे माझ्यासारख्याला सगळ्यात अवघड जातं. माझ्याच हाताने डकवलेल्या त्या सुंदर चिठ्ठ्या फाडल्या. सगळे गठ्ठे सोडून जमिनीवर एकच डोंगर केला आणि मास्तरच्या शेजारी मांडी घालून बसलो. आधी कपड्याचा प्रकार : अर्ध्या बाहीचा शर्ट दहा, पूर्ण बाहीचा अकरा, हाफपँट वीस, स्कर्ट तीस. मधले नंबर मुद्दाम मोकळे, उद्या नवा प्रकार आला तर त्याला बसायला जागा हवी. मग रंग : पांढरा शून्य-एक, गडद निळा शून्य-पाच. शेवटी माप. शाळेचं नाव कोडात कुठेही नाही. कुठल्या शाळेला काय लागतं त्याचा वेगळा कागद भिंतीवर.

माप इयत्तेने नाही, इंचाने. शर्टाला छाती, हाफपँटला कंबर, स्कर्टाला कंबर आणि लांबी, म्हणून प्रत्येक प्रकाराचा तक्ता निराळा. इथेही मी एकदा माती खाल्लीच. अठ्ठावीसचा ढीग लावताना शर्टच मोजत बसलो. मास्तरने टेप हातातून काढून घेतली. अठ्ठावीस म्हणजे पोराची छाती, शर्टाची नव्हे. शर्ट चार इंच मोठा, नाहीतर पोर श्वास कुठे घेईल? हे वाक्य मी तक्त्याच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलं.

बुधवारी आणि गुरुवारी टेप घेऊन अर्नाळ्यात आणि गासला घरोघर फिरलो. ज्यांचे कपडे बसले नव्हते त्या सगळ्या मुलांच्या छात्या, कंबरा मोजल्या. गुरुवारी संध्याकाळी पहिल्यांदाच आम्हांला नेमकं कळलं : दहा-शून्य एक-तीस, म्हणजे तीस छातीचे अर्ध्या बाहीचे पांढरे शर्ट, अकरा कमी. बाकी सगळं शेडमध्येच होतं, उन्हाळाभर माझ्या शिस्तीखाली दडपलेलं. अकरा शर्ट मास्तरने शुक्रवारी कापले, शनिवारी काजं-बटणं झाली, रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर मावशीने देवळाबाहेरच वाटले.

सोमवारी मी शाळेच्या फाटकाबाहेर उगाचच उभा राहिलो. रांगेत एकही रंगीत कपडा नव्हता. मोठ्या सिस्टरनी माझ्याकडे पाहून मान हलवली. एवढंच, पण मी घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आलो, पोचण्याची घाई नको म्हणून.

ते नंबर पुढे कधी बदलले नाहीत. चौकड्याचा पिनाफोर बंद झाला, पण त्याचा नंबर मी दुसऱ्या कशालाही दिला नाही, नाहीतर जुना गठ्ठा नव्या नावाने बाहेर पडतो. आठव्या, नवव्या शाळेसाठी नुसता भिंतीवर एक कागद वाढला. ज्या बाईला वाचता येत नव्हतं तीही आकडे ओळखून गठ्ठा काढायची, आणि मी आजारी पडलो तेव्हा आठवडाभर कुणाला माझी आठवणसुद्धा झाली नाही. आयुष्यात मला एवढा मोठा मान दुसरा मिळालेला नाही.

पुढच्या जूनला, सिस्टरांचं काम पुन्हा आमच्याकडेच आल्यावर, ती मासेवाली दारात आली. मुलगा बरोबर नव्हता.

"दहा-शून्य एक-बत्तीस दे," ती म्हणाली. "तीसचा लहान झाला."

मी शर्ट काढला, बिल्ला टाचायला दिला आणि कौतुकाने विचारलं, "चौथीत गेला वाटतं?"

"नाय रे," ती म्हणाली. "तिसरीतच आहे."