सेतुमाधवाचा चटणी-सौदा

फणस अर्धाच फुटला होता. हाताला, कोयत्याला तेल चोपडून सेतुमाधव परसातल्या ओट्यावर बसला होता, आणि फणसावर असे घाव घालत होता की जणू त्या फणसाने याचे घर बुडवले आहे. चीक उडून भिंतीला लागला. तिसरा घाव चुकून ओट्याच्या दगडावर बसला, ठिणगी उडाली.

"अहो, खाली पाताळ लागेल," त्याची बायको तुळसी आतून म्हणाली. तिच्या हातात तुळशीचे पाणी होते. "फणस आहे तो. वैरी नव्हे."

सेतुमाधवाने कोयता तसाच फणसात रुतवून ठेवला आणि उठला. रिंगणाची वेळ झाली होती. अंगात पांढरा सदरा, छातीवर पितळी बिल्ला, आणि मैलापूरहून पॅरी कॉर्नरची बस.

ही गोष्ट अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यातली. जॉर्ज टाउनमधल्या एका जुन्या वखारीच्या माडीवर शेंगदाण्याच्या वायद्याचे, म्हणजे पुढे यायच्या मालाच्या आगाऊ सौद्यांचे, रिंगण भरत असे. रिंगण कसले, कुस्तीचा आखाडाच तो. लाकडी कठड्याच्या आत तीस-चाळीस पुरुष एकमेकांच्या छातीवर छाती घालून ओरडायचे. तळवा आपल्याकडे वळवला की घेतो, बाहेर वळवला की विकतो. कोपर बरगडीत जायचे, पायावर पाय पडायचे, सदरा फाटायचा, आणि कोणी कोणाची माफी मागत नसे. बिल्ला असेल त्यालाच आत उभे राहता येई. सेतुमाधवाचा बिल्ला त्याचा मेव्हणा वादिराज याच्या पेढीच्या नावावर होता.

सेतुमाधव आडदांड माणूस. तंजावरकडच्या मराठी घरातला, पण आवाज असा की नारळाच्या झाडावरचे कावळे उडावेत. त्याची एक ठरलेली रीत होती. दोन-तीन दिवस भाव एकाच अरुंद पट्ट्यात घुटमळला, गोदामात मालाची आवक कमी असली, आणि सकाळी कालचा सर्वांत वरचा भाव ओलांडला, की घ्यायचे. त्याच क्षणी तोड ठरवायची. तोड म्हणजे सकाळचा सर्वांत खालचा भाव. तिथपर्यंत उतरला की विकून मोकळे व्हायचे, वाद नाही, रडणे नाही. दहांतले सहा सौदे असे तोडीवर थोड्या नुकसानीत संपत, आणि उरलेले चार ते सारे भरून काढून वर घरखर्च चालवत. अनेक वर्षे हेच चालले होते.

पण या उन्हाळ्यात चार सौदे ओळीने तोडीवर गेले. चारही रीतीप्रमाणे घेतलेले, चारही रीतीप्रमाणे तोडलेले. चूक एकातही नव्हती. तरी चौथ्यांदा विकल्यानंतर त्याचा हातच वर जाईना.

त्या सकाळीही तेच झाले. तीन दिवस भाव घुटमळला होता, आवक रोडावली होती, आणि घंटा होऊन थोडा वेळ जातो न जातो तोच कालचा वरचा भाव ओलांडला. घेण्याची वेळ इतकी स्वच्छ पुन्हा कधी येत नाही. सेतुमाधवाच्या तोंडात "घेतो" हा शब्द आला आणि जिभेला चिकटून बसला. हात मांडीशी लोंबत राहिला. 'थोडे थांबू,' त्याने स्वतःला सांगितले, 'खाली आला की घेऊ.' भाव खाली आला नाही. तासाभरात वर, आणखी वर गेला. ओरडा असा की कठडा हलत होता. गेल्या आठवड्यात त्याने असाच एक सौदा सोडला होता, तोही असाच उडाला होता.

समोर तुकोजी उभा होता. तोही तंजावरकडचाच, पण दहा वर्षे लहान आणि जिभेने तिखट. त्याने सकाळीच घेतले होते. तो घामेजलेल्या तोंडाने हसला आणि तमिळमध्ये ओरडला, "डेय, कै एंगे डा?" तुझा हात कुठे आहे रे? "घरी विसरून आलास का अण्णा? वहिनी त्याने फणस कापत असेल!"

फणसाचे तो सहज बोलला. पण सेतुमाधवाचा जो हात सकाळपासून उठला नव्हता तो आता उठला. मूठ सरळ तुकोजीच्या तोंडावर बसली. कडकन आवाज झाला. तुकोजी फलकावर आपटला, खडूने लिहिलेल्या भावांवर रक्ताचा फराटा ओढला गेला, आणि एक दात कठड्यापाशी जाऊन पडला. मग तुकोजीच्या माणसांनी सेतुमाधवाला खाली पाडले, लाथा घातल्या, आणि रिंगणाच्या शिपायांनी ओढून जिन्यावर टाकले. तीन दिवस रिंगणबंदी आणि दंड.

संध्याकाळी वादिराज घरी आला. बाहेरच उभा राहिला, चप्पलही काढली नाही.

"भावोजी, मारामारीचे मला काही नाही. रिंगणात ते चालते. पण तुम्ही उभे राहता आणि सौदा करत नाही. बिल्ला काय देवघरात ठेवायचा आहे? महिनाअखेरपर्यंत हेच चालले तर तो मी पेढीवरच्या अमरसिंहाला देणार. अक्काने रडून काही उपयोग नाही, आत्ताच सांगतो."

"अक्का रडत नाही," तुळसी दारातून म्हणाली. "अक्का भात लावते. जेवून जा."

तो जेवला नाही. तो गेल्यावर सेतुमाधव परसात गेला. कोयता अजून फणसातच रुतलेला होता. त्याने तो उपसला आणि जे सुरू केले ते बघवत नव्हते. गरे, आठळ्या, साल, सगळ्याचा चेंदा. कोयत्याची मूठ निखळली तेव्हाच तो थांबला. तुळसीने समई लावली, रामरायापुढे हात जोडले, आणि कोणालाही न विचारता नागोजीमामांना बोलावणे धाडले.

नागोजीमामा म्हणजे रिंगणातला जुना वाघ. आता सत्तरीचे, दोन बोटे वाकडी. तेजीच्या एका गर्दीत कोणीतरी ती पिरगाळून मोडली होती. त्यांनीच सेतुमाधवाला पहिल्यांदा आत उभे केले होते. आले, चेंदलेला फणस पाहिला, त्यातून एक धड गरा शोधून तोंडात टाकला.

"गोड आहे की," ते म्हणाले. "सांग, तुझी रीत मोडली का?"

"चार ओळीने गेले, मामा."

"दहांत सहा जातात हे तुला ठाऊक आहे. मग चार ओळीने आले तर त्यात आभाळ कोसळायचे काय कारण? पूर्वी कधी आले नव्हते?"

"आले होते."

"मग ऐक. पडणारे चार तू घेतलेस, आणि देणारे दोन दुसऱ्यांना सोडलेस. मार सगळा तू खाल्लास आणि जेवणाच्या वेळी पानावरून उठलास. डोके ठीक आहे तुझे. हात घाबरलाय. घाबरलेल्या हाताला जड ओझे देऊ नये. चटणी घे."

सेतुमाधवाचे तोंड उतरले. रिंगणात नेहमीचा सौदा शंभर पोत्यांचा. दहा पोत्यांचा सर्वांत लहान सौदा नियमात बसे, पण त्याला सगळे चटणी म्हणत, पानाच्या कडेला वाढायची तेवढीच. चटणी घेणारा म्हणजे हसण्याचा विषय.

"हसतील, मामा."

"हसू देत. दात तर तू त्यांचा पाडलास." मामा स्वतःच हसले. मग गंभीर झाले. "रीत तीच, तोड तीच, फक्त पोती दहा. जे जे रीतीत बसेल ते ते घ्यायचे, एकही सोडायचे नाही. आणि पैसे सुटले म्हणून पोती वाढवायची नाहीत. एखादा सौदा तोडीवर जाईल, आणि त्यानंतरच्या सौद्याला हात न थरथरता वर जाईल, तेव्हा वाढव. त्याआधी वाढवलीस तर माझी दोन बोटे आहेत वाकडी, उरलेली तुझ्या कानाखाली वाजवीन."

बंदी उठली त्या सकाळी सेतुमाधवाने कपालीश्वराला बाहेरूनच नमस्कार केला आणि रिंगणात उभा राहिला. तुकोजी समोर, ओठ अजून सुजलेला, त्यामागे काळी फट. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भाव पट्ट्यातच फिरला. घेण्यासारखे काही नव्हते, आणि सेतुमाधवाने काही घेतले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वरचा भाव ओलांडला.

गर्दी एकदम आत घुसली. तुकोजी याचीच वाट पाहत असावा. पुढे सरकताना त्याने कोपर असे चालवले की ते सेतुमाधवाच्या भुवईवर बसले. कातडी फाटली. रक्त डोळ्यात उतरले, अर्धे रिंगण तांबडे झाले. सेतुमाधवाची मूठ वळली. तीच मूठ, तोच राग. पण एका हाताने कठडा धरून त्याने मूठ उघडली आणि तळवा आपल्याकडे करून वर नेला.

"दहा! दहा घेतो!"

"चटणी!" कोणीतरी ओरडले, आणि सारे रिंगण खिदळले. "सेतू अण्णाला चटणी वाढा रे!"

मागून एक गुद्दा पाठीत बसला. हात खाली आला नाही. एका विकणाऱ्याने बोट दाखवून सौदा दिला.

दुपारी भाव उतरला. तोडीपर्यंत आला. सेतुमाधवाने डोळ्यावरचे वाळलेले रक्त पुसले, तळवा बाहेर वळवला आणि दहा पोती विकली. नुकसान झाले ते दहाच पोत्यांचे. खाली येऊन त्याने एका दुकानात कॉफी मागितली आणि प्याली. हातातली कॉफी सांडली नाही, हे त्याच्या मागाहून लक्षात आले.

पाच दिवसांनी पुन्हा तशीच वेळ आली. या वेळी विकणारा तुकोजीच होता, भाव इथून कोसळणार असे मानून जोरजोरात विकत होता. दोघांची तोंडे वीतभर अंतरावर. सेतुमाधवाच्या भुवईला टाके, तुकोजीच्या तोंडात फट.

"किती अण्णा? चटणी?"

"चटणी. दे."

"घे, आणि मर."

त्याने दिली. भाव चढला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चढला, नंतर आणखी जोरात चढला, आणि तुकोजी विकलेले परत घेताना कठड्यावर डोके आपटत होता. सेतुमाधव उभा होता. दहा पोत्यांत घर भरत नाही, पण सौदा त्याने शेवटपर्यंत धरला, घाईने सोडला नाही.

महिनाअखेरीला वादिराज माडीवर आला. कठड्याबाहेर उभा राहून त्याने सकाळ पाहिली. सेतुमाधवाने एक सौदा घेतला, तोडीवर घालवला, आणि लगेच पुढच्या वेळेची वाट पाहत उभा राहिला. बिल्ला मागण्यासाठी पुढे केलेला हात वादिराजाने खिशात घातला.

"उद्यापासून?" त्याने जिन्यात विचारले.

"उद्या नवी वेळ आली तर वीस पोती," सेतुमाधव म्हणाला. "मामांनी हो म्हटलेय."

"वीसच?"

"वीसच, वादिराज. शंभर कधी ते हात सांगेल."

"अमरसिंहाला मी सांगतो, थांब म्हणून," वादिराज म्हणाला, आणि या वेळी त्याने घरी जेवायला येण्याचे कबूल केले.

खाली रस्त्यावर तुकोजी रिक्षाच्या सावलीत उभा होता, गालाला रुमाल लावून. तुटलेल्या दाताचे मूळ सुजले होते.

"काय पाहतोस?" तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "दात घेतलास, भावही घेतलास. अजून काय हवे?"

सेतुमाधवाने त्याच्या दंडाला धरले. तुकोजीने मूठ वळली, सेतुमाधवाने सोडले नाही.

"बस रिक्षात," तो म्हणाला. "एग्मोरला दातांच्या डॉक्टरकडे तुला न्यायचे आहे."