बापाचा एक्स-रे कुठाय?

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, जनावर घेतात ते चाल बघून. बैलबाजारात बैल लांबवर चालवून, परत फिरवून, मगच हात पुढे करतात. मळ्यातला आमचा जर्मन शेफर्डही त्यांनी तसाच घेतला होता. वर्ष सरलं नाही तोच तो सशासारखा मागचे दोन्ही पाय एकदम उचलून धावायला लागला. मग उठताना कण्हायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसतच नव्हता.

"मोठ्या जातीत हे बरंचसं आईबापाकडून येतं," ते म्हणाले. "पुढचं पिल्लू घ्याल तेव्हा दोघांचे खुब्याचे एक्स-रे बघा, दोन वर्षांचे झाल्यावर काढलेले. हमी नाही मिळत, पण धोका कमी होतो."

आमच्या उसात बिबट्या आहे, त्यामुळे राखणीला धड कुत्रा हवाच. आळेफाट्याजवळ एकाकडे पिल्लं आहेत म्हणून मी आणि मामंजी गेलो. मामंजींनी एक पिल्लू अंगणात चालवून पाहिलं आणि सरळ उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. झालं! सौदा ठरल्यातच जमा.

"आईबापांचे एक्स-रे?" मी मालकाला विचारलं.

आईचा होता. भूल देऊन, उताणं झोपवून, पाय सरळ ओढून काढलेला. खुबे चांगले असल्याचा तज्ज्ञांचा शेराही होता.

"आणि बापाचा कुठाय?"

"त्याला कशाला, वहिनी? पळतोय कसा ते बघा की!" त्यानं नर मोकळा सोडला. खरंच, काय पळाला तो!

मामंजी खुलले. "एवढा पळतोय म्हंजी पाय चांगलंच हायेत. आता काय फाडून बघती का काय?"

"पळणाऱ्याचाही खुबा सैल असू शकतो मामंजी. वरून दिसत नाही, आणि पिल्लात उतरतो."

"अगं, तवर बिबट्या थांबणार हाय व्हय?"

मालक गालातल्या गालात हसला आणि माझं डोकंच फिरलं. सासऱ्याच्या मांडीवरचं पिल्लू मी उपरण्यातून उचललं आणि त्याच्या आईजवळ नेऊन ठेवलं. पिल्लू कुईकुई करत राहिलं, आणि मामंजी तरातरा गाडीत जाऊन बसले.

गाडीचा आवाज ऐकून आमचा कुत्रा पुढच्या पायांवर उठला. मागचं अंग काही उचलेना. तरी शेपूट हलवत, फरशीवरून घासत आमच्याकडे यायला लागला. मामंजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं, रोजच्यासारखं त्याच्या पोटाखालून घातलं आणि मागचा भार वर उचलून धरला. उपरण्याला पिल्लाचा वास येत होता. तो मान वळवून ते हुंगत राहिला.

मामंजी त्याच्याकडेच बघत होते.

"ह्योबी लई झ्याक चालायचा गं," ते म्हणाले, "आणला तवा."