तिरपीचा मान

मृणाली बाईंना रेवदंड्यात कुणी नावानं ओळखत नसे. त्या कवितेवाल्या बाई. नववीला भूमिती शिकवताना त्यांनी काटकोन त्रिकोणाची कविता रचली, आणि तिच्यावर त्यांनी अठरा वर्षं काढली.

*आडवीचा वर्ग घ्या, उभीचा त्यात मिळवा,*
*तिरपीचा वर्ग आला, वर्गमूळ काढून कळवा.*

घरी नवरा म्हणायचा, "दोन ओळींवर पगार खातेस." हेडसरांनी ती कविता शाळेच्या दर्शनी भिंतीवर, खाली बाईंचं नाव घालून रंगवायची ठरवली, तेव्हा बाईंनी पेंटर कधी येणार हे चारदा विचारलं. परीक्षेचा निकाल लागला की येणार होता.

वर्गात एका मुलीला मात्र कविता पाठ होत नसे. किशोरी. तिची आई काशी समुद्राकाठी बोंबील सुकवायची आणि पहाटे पोरगी तिच्या हाताखाली असायची. कविता अडली की बाई तिला बाकावर उभी करत. "मासळीचा वास डोक्यात चढला की असंच होतं," असं म्हणत, आणि वर्ग हसे.

एकदा बाकावरूनच किशोरी म्हणाली, "बाई, आमच्या बोंबलांच्या मांडवाला दोन बांबू वर काटकोनात बांधतात. दोन्ही तिरपे. खाली वाळूवर दोघांच्या पायांतलं अंतर आडवं. मग यात उभी कंची?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावरचे त्यांचे सगळे त्रिकोण एका पायावर सरळ उभे होते.

"तू मांडव बांध," बाई म्हणाल्या. "भूमिती आम्ही बघतो."

वार्षिक परीक्षेचा पेपर बाहेरून छापून आला. त्यात दोन गुणांना एक त्रिकोण होता, काटकोन वर, लांब बाजू खाली आडवी. तिरप्या बाजू सहा आणि आठ. आडवी काढा.

बाई घरी पेपर तपासायला बसल्या. पहिल्या पोरानं आठचा वर्ग चौसष्ट, त्यातून सहाचा छत्तीस वजा करून अठ्ठावीसचं वर्गमूळ लिहिलं होतं. दुसऱ्यानं तेच, तिसऱ्यानंही तेच. कवितेत तिरपी मोठी, म्हणून सगळ्यांनी तिरपी आठच मोठी धरली होती. एकतीस पोरं, एकच उत्तर.

किशोरीचा पेपर शेवटी निघाला. छत्तीस अधिक चौसष्ट, शंभर. उत्तर, दहा.

पेपरासोबत आलेल्या उत्तरसूचीतही दहाच होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं, मग कागदाची घडी करून कपाटातल्या साडीखाली ठेवली. एकतीस जणांना दोन-दोन गुण दिले. किशोरीच्या दहावर लाल फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'सूत्र लिहिलेले नाही.'

किशोरी दोन गुणांनी नापास झाली.

काशी शाळेत आली, पदराला हात पुसत. "बाय, दोन मार्क वाडवा ना. हिचा बाप बोलतो, नापास झाली तर बंदरावर कामाला घालतो."

"नियम आहे."

"माझं उत्तर बरोबर हाय, बाई," किशोरी आईमागून म्हणाली.

"कविता येते? म्हणून दाखव."

किशोरीनं पहिली ओळ म्हटली. दुसरीच्या अर्ध्यात अडली. बाई काशीकडे वळल्या. "बघा, तुमच्यासमोरच."

काशीनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि दोघी निघून गेल्या. पेंटर दुसऱ्या दिवशी आला.

पुढच्या वर्षी बाईंनी नववीला पहिल्याच तासाला विचारलं, "बोंबलांचा मांडव पाहिलाय ना? वर काटकोन, खाली आडवी बाजू. ती काटकोनाच्या समोर, म्हणून तीच कर्ण. आपल्या कवितेतली तिरपी ती." पोरांना चटकन कळलं. हेडसर दारात उभे राहून ऐकत होते. "बाई, हेही भिंतीवर हवं," ते म्हणाले. मग कवितेच्या डोक्यावर आणखी दोन ओळी आल्या.

*काटकोनाला आधी गाठा,*
*समोरच्या बाजूचा मान मोठा.*

खाली नाव तेच.

रंग वाळायच्या आत एका सकाळी किशोरी डोक्यावर बोंबलांची टोपली घेऊन भिंतीसमोर थांबली. उन्हानं ती काळवंडली होती. तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, असं बाईंच्या कानावर आलं होतं. फाटकातून बाई बाहेर पडत होत्या, त्यांना टाळता आलं नाही.

किशोरीनं चारही ओळी मोठ्यानं वाचल्या. एका दमात, कुठंही न अडता.

"आता बरोबर हाय, बाई," ती म्हणाली.

बाईंनी टोपलीत हात घातला, एक बोंबील उचलून नाकाशी नेला.

"ओलसर आहेत गं," त्या म्हणाल्या. "शंभरला किती देतेस?"